क्लोजरची टीप घ्यावी की लाभप्राप्तीचा मोठा प्रश्न?

प्रकल्प व्यवस्थापनाच्या पेपरात शेवटच्या घटकावर दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. एक म्हणजे ‘प्रोजेक्ट क्लोजर’ किंवा ‘हँडओव्हर’वर पाचेक गुणांची टीप. दुसरा पंधरा गुणांचा: प्रकल्प वेळेत, बजेटमध्ये पूर्ण झाला, तरी अपेक्षित लाभ मिळाला नाही, तर का? जळगाव-धुळ्याकडची मुलं पाठांतराच्या भरवशावर टीप उचलतात आणि मोठा प्रश्न सोडून देतात. कोणता घ्यावा, हे त्या दोन्हींत काय तपासलं जातं त्यावर ठरवा.

टिपेत तपासणाऱ्याला कामांचा क्रम हवा असतो. आधी ग्राहकाची लेखी स्वीकृती, मग हस्तांतरण, ठेकेदारांची देणी आणि करार बंद करणं, अनुभवांची नोंद, कागदपत्रं जपून ठेवणं, शेवटी माणसं मोकळी करणं. इथे गुण जातात ते क्रम चुकल्यामुळे. माणसं आधी मोकळी केली, तर अनुभवांची नोंद कोणाकडून घेणार? हे एक वाक्य कारणासह लिहिलं, की टीप यादीसारखी वाटत नाही. प्रकल्प मध्येच गुंडाळला तरी क्लोजर करावंच लागतं, हेही लिहा. बरेच जण विसरतात.

मोठ्या प्रश्नाचं गणित वेगळं. समजा, रावेर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने ४२ लाखांत केळी पिकवण्याचं रायपनिंग चेंबर उभारलं. महिन्याला १०० टन माल. पूर्वी पिकवताना १२ टक्के माल खराब व्हायचा, तो ६ टक्क्यांवर येईल असा अंदाज. म्हणजे ६ टन वाचणार, किलोला १५ रुपये धरले तर ९०,००० रुपये. त्यातून वाढीव वीजबिल २०,००० वजा, निव्वळ लाभ महिना ७०,०००. गुंतवणूक ६० महिन्यांत वसूल.

चेंबर वेळेत झालं, चाचणी झाली, स्वीकृतीवर सह्या झाल्या. सहा महिन्यांनी मोजलं तर नुकसान ८ टक्के. वाचले ४ टन, म्हणजे ६०,०००. वीजबिल तेवढंच, म्हणून हातात ४०,०००. वसुली आता १०५ महिन्यांवर गेली.

बहुतेक उत्तरं इथे ‘नियोजन चुकलं’ म्हणून थांबतात. कारण हँडओव्हरमध्ये शोधायचं. चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडून केळी पिकवतात. पिकताना फळं कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो साचला की इथिलीनचा परिणाम मंदावतो, घड कमी-जास्त पिकतात. म्हणून ठरावीक वेळाने हवा बदलावी लागते. प्रशिक्षण एकाच ऑपरेटरला दिलं होतं आणि तो नोकरी सोडून गेला. नवीन माणसाला यंत्र मिळालं, पण हवा कधी बदलायची हे कोणी सांगितलं नाही. स्वीकृतीच्या कागदावर ‘प्रशिक्षण झाले’ एवढीच खूण. यंत्राचा ताबा मिळाला, चालवण्याची क्षमता हस्तांतरित झालीच नाही.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. प्रकल्प व्यवस्थापक तेव्हा दुसऱ्या कामावर गेलेला असतो, सहा महिन्यांनंतरचं मोजमाप तो करणार कसं? प्रिन्स२ या प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धतीत याचं उत्तर स्पष्ट आहे: लाभ नेमके कोणते हे वापरकर्त्यांच्या बाजूचा ‘सीनियर युजर’ सांगतो आणि ते मिळाल्याचं दाखवण्याची जबाबदारीही त्याचीच. मोजमाप कधी, कोण, कशाने करणार हे लाभ व्यवस्थापनाच्या आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात हे काम कंपनीच्या विक्री पाहणाऱ्या संचालकाकडे येईल. आणि आधीचे १२ टक्के उभारणीपूर्वीच मोजलेले नसतील, तर नंतरच्या ८ टक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

मग निवड कशी करायची? क्रम पाठ असेल आणि वेळ थोडा असेल, तर टीप सुरक्षित आहे, पण तिच्यात वर जायला जागा कमी. मोठा प्रश्न तेव्हाच घ्या, जेव्हा प्रश्नातल्या माहितीतून लाभ, त्याची जबाबदारी घेणारा धनी आणि मोजण्याची तारीख हे तिन्ही दोन मिनिटांत कच्च्या कागदावर लिहिता येतात. त्यातला धनी सापडला नाही, तर मी तरी तो प्रश्न सोडेन. कारण मग उत्तर फिरून क्लोजरच्या यादीवरच येतं आणि पंधरा गुणांच्या जागी पाच गुणांची टीप लिहिली जाते. ‘फरक स्पष्ट करा’ असं विचारलं, तर मात्र बिनधास्त घ्या. क्लोजर प्रकल्पाच्या शेवटी एकदा होतं, त्याचा पुरावा सही. लाभ नंतर महिनोन्‌महिने मोजावा लागतो, त्याचा पुरावा आकडा. एवढ्यावर चेंबरचं उदाहरण जोडलं, की पान भरतं.