पाण्याखालचं वजन की हवेची पेटी: पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर

पैलवान पोरांच्या अंगात चरबी किती टक्के हे काढायला आम्ही त्यांचं पाण्याखाली वजन घेतो. त्यासाठीचा आमचा लटकता काटा गेल्या महिन्यात बंद पडला आणि दुकानदारानं वॉरंटी नाकारली. म्हणे आत ओल गेली. पाण्यावर टांगायचाय हे घेतानाच सांगितलं होतं, तेव्हा 'काही होत नाही सर' असं त्यानेच म्हटलं होतं. तीनदा फेऱ्या मारल्या, शेवटी पैसे सोडून दिले. पण या निमित्तानं पूर्ण अनुभव लिहायचं ठरवलं, कारण खानापूर-निपाणी भागातले दोन-तीन वस्ताद आणि क्रीडाशिक्षक असाच सेट बसवायचा विचार करतायत. आर्किमिडीजचं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आमचा सेट साधा आहे. विहिरीजवळचा सिमेंटचा हौद, त्यावर लोखंडी तिकाटणं, आणि उद्यमबागमध्ये वेल्डिंग करून घेतलेली पाइपची खुर्ची साखळीनं काट्याला टांगलेली. खुर्ची आणि साखळी पाण्यात तेवढीच बुडवून आधी त्यांचं वजन घ्यायचं आणि ते वजा करायचं. पोरगं खुर्चीत बसतं, फुफ्फुसातली सगळी हवा तोंडानं सोडतं, डोकं पाण्याखाली घेतं आणि स्थिर राहतं. बाजूला दुसरा माणूस कायम उभा. एकट्यानं हे करायचं नाही.

काट्याबद्दल एवढंच की ३०० किलोचा क्रेन काटा घेऊ नका. त्याचं एक घर १०० ग्रॅमचं असतं. माणूस पाण्याखाली भरतो दोन-तीन किलो, आणि ७२ किलोच्या माणसात १०० ग्रॅमचा फरक चरबीच्या आकड्यात ०.७ टक्क्याचा फरक पाडतो. १५ किलोचा, ५ किंवा १० ग्रॅम दाखवणारा काटा हवा. त्याचं 'होल्ड' बटण बंद ठेवा. खुर्ची हलत असताना तो एखादा उंच आकडा धरून ठेवतो आणि आपण तोच लिहून घेतो. त्यापेक्षा मोबाइलवर आकड्याचा व्हिडिओ काढा आणि झोका थांबल्यावरचा आकडा घ्या.

पाण्याचं तापमानही लिहून ठेवत जा. २० अंशाला पाण्याची घनता ०.९९८२ असते, २८ अंशाला ०.९९६३. हा फरक दिसायला काहीच नाही, पण २८ अंशाच्या पाण्यात २० अंशाची घनता धरली तर ०.९ टक्का चरबी इकडची तिकडे होते. डिसेंबरमध्ये आमच्याकडे हौद एवढा गार पडतो की पोरं कुडकुडतात आणि काटा स्थिर राहत नाही. म्हणून मोजणी दुपारी, उन्हाळ्यात.

आता मुद्द्यावर येतो, आणि तो मुद्दा फुफ्फुसातल्या हवेचा आहे. बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे.

एका पोराचं गणित पूर्ण देतो. पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे, उंची १७६ सेंटीमीटर, कुस्ती ६५ किलोत धरायचीय. हवेतलं वजन ७२.० किलो. पाण्याखाली खुर्ची वजा करून २.७० किलो, पाणी २८ अंश. ७२ मधून २.७ गेले की ६९.३ उरतात, ते ०.९९६३ ने भागले की ६९.५६ लिटर. हे त्याचं आकारमान, पण त्यात अंगातली हवाही आली. कितीही श्वास सोडला तरी फुफ्फुसात थोडी हवा राहतेच. तिला शेष आकारमान म्हणतात, ती साध्या स्पायरोमीटरवर मोजता येत नाही. नायट्रोजन धुऊन काढायची किंवा हीलियमची पद्धत लागते. आम्ही अंदाजच धरला. पूर्ण श्वास भरून जेवढी हवा बाहेर सोडता येते ती ५.४ लिटर, पुरुषांत तिच्या २४ टक्के शेष धरायची पद्धत आहे, म्हणून १.३ लिटर. आतड्यातल्या हवेसाठी ०.१. दोन्ही मिळून १.४ वजा केले की ६८.१६ लिटर. ७२ भागिले ६८.१६, घनता १.०५६४.

घनतेवरून चरबी काढायला सिरी यांचं समीकरण: ४९५ ÷ घनता − ४५०. उत्तर १८.६ टक्के. अमेरिकेत शालेय कुस्तीत मुलग्यांना ७ टक्क्यांखाली उतरू देत नाहीत, कॉलेजच्या पातळीवर ५ टक्के. १९९७ मध्ये वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवान दगावले, त्यानंतर कॉलेजचे नियम कडक झाले. आपल्या पोराचं चरबी सोडून वजन ५८.६ किलो, ते ०.९३ ने भागलं की किमान ६३ किलो. वस्ताद खूश. म्हणाले, 'बघा सर, ६५ आरामात बसतंय की.'

मला १८.६ पटेना. पोराच्या पोटावर चिमटीत काही येत नव्हतं. व्हिडिओ परत पाहिला. काटा २.७० दाखवत असताना नाकाजवळून बारीक बुडबुडे येत होते, म्हणजे हवा अजून आत होती. पाण्यात तोंड घातलं की माणूस घाबरतो आणि शेवटचा श्वास राखून ठेवतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. एका प्रयत्नावर विश्वास ठेवायचा नाही याचं हेच कारण. पहिले प्रयत्न नेहमी हलके येतात, मग आकडा वाढत जातो. तो वाढायचा थांबला आणि लागोपाठच्या दोन-तीन वेळा साधारण सारखा आला, तरच तो आकडा घ्यायचा.

या शंकेपोटी आम्ही त्याला एका दूरच्या प्रयोगशाळेत हवेच्या पेटीत बसवायला घेऊन गेलो. तोपर्यंत माझं मत होतं की ही पेटी, बॉड पॉड, म्हणजे पाण्यात उतरायला नको असणाऱ्यांची सोय. ते मत तिथे बदललं.

पेटीत पुढचा कप्पा माणसाचा, मागचा संदर्भाचा. मधला पडदा पुढे-मागे हलतो, त्यानं दोन्ही कप्प्यांत दाब किंचित बदलतो. कप्प्यात माणूस जेवढी जागा व्यापतो तेवढी हवा कमी, आणि दाबाचा बदल जास्त. एवढ्यावरून आकारमान निघतं. अडचण अशी की ही दाबादाबी फार झपाट्यानं होते, त्यामुळे मोकळी हवा दाबली की तापते. पण त्वचेला, केसांना चिकटलेली आणि फुफ्फुसातली हवा तिची उष्णता अंगाला देऊन टाकते. ती ४० टक्के जास्त सहज दबते, म्हणून यंत्राला माणूस खऱ्यापेक्षा लहान दिसतो. यावर दोन दुरुस्त्या करतात. त्वचेसाठीची दुरुस्ती उंची-वजनावरून येते, आपल्या पोराला ती सुमारे ०.९ लिटर. फुफ्फुसातली हवा ३.६ लिटर धरली, तर तिच्या ४० टक्के, म्हणजे १.४ लिटर मिळवायचे.

मला भावलं ते हे, की फुफ्फुसातली हवा तिथेच मोजता येते. नळीतून साधा श्वास घेत असताना मधेच झडप बंद होते आणि नळीत हलके फुंकर दिल्यासारखे दोन-तीन झटके द्यायचे. गालातून हवा सुटली तर यंत्र ते नापास करतं. आणि इथे ३०० मिलिलिटरची चूक झाली तरी तिचा ४० टक्केच भाग उत्तरात उतरतो, ०.८ टक्क्याच्या आसपास. पाण्यात तीच चूक पूर्ण उतरते, २.१ टक्के. तुम्ही गेलात तर आधीच विचारून घ्या, फुफ्फुसं मोजणार की वयावरून अंदाज धरणार. अंदाज धरणार असतील तर तिकीट काढू नका.

तिथेही त्रास झालाच. आमचं पोरगं एसटीतून उतरून घामानं भिजलेलं, केस ओले. त्यांनी तसंच बसवायला घेतलं, मी अडवलं. घाम आणि अंगाची ऊब चरबी कमी दाखवतात. घट्ट चड्डी, डोक्यावर पोहण्याची टोपी आणि तासभर बसून अंग सुकलेलं असायला हवं. टोपी दिली नाही तर मागा, केसांत अडकलेली हवाही तेच करते. दोन मोजण्या १५० मिलिलिटरच्या आत जुळल्या नाहीत तर तिसरी घेतात. आमच्या वेळी तिसरी घ्यावी लागली.

निकाल आला: घनता १.०६१५, चरबी १६.३ टक्के. घरी येऊन पोराकडून काही आठवडे पाण्यात श्वास सोडायचा सराव करून घेतला, वजन ७२ वरच ठेवलं, आणि काटा हळूहळू ३.०० किलोवर येऊन थांबला. गणित केलं तर १६.५ टक्के. शेष हवेचा अंदाज तोच, सूत्र तेच, फरक फक्त त्या ३०० ग्रॅमचा. पोराचा श्वास पूर्ण सुटत असेल तर आमचा हौद पेटीच्या जवळ पोचतो, हे मला इथे कळलं. किमान वजन मात्र आता ६३ वरून ६४.६ झालं, म्हणजे ६५ काठावर आलं.

वस्ताद म्हणाले, 'बसतंय तर खरं.' त्यावर मी त्यांना सिरीचे आकडे कुठून येतात ते मांडून दाखवलं. चरबीची घनता ०.९०, बाकी सगळ्याची १.१० धरली की ४९५ आणि ४५० निघतात. हा १.१० चा आकडा मोजक्या प्रौढ मृतदेहांच्या रासायनिक पृथक्करणावर उभा आहे. वाढत्या वयातल्या पोराच्या हाडांत खनिज अजून भरत असतं, अंगात पाण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून बाकी शरीराची घनता १.१० पेक्षा थोडी कमी असते. ती १.०९५ धरून तीच घनता परत घातली तर चरबी १६.५ नाही, १४.८ टक्के येते. चरबी सोडून वजन ६१.४ किलो, आणि किमान वजन ६६. दोन्ही यंत्रं एकमेकांशी जुळली तरी ती घनतेपुरतीच जुळली. पुढचं समीकरण दोघांचं एकच आहे, त्यामुळे त्यातली चूक कुठल्याच यंत्राला दिसत नाही.

पोरगं ७० किलोत खेळणार, असं वस्तादांनी स्वतः सांगितलं. मी नवा काटा मागवलाय, या वेळी सेन्सर वर तिकाटण्यावर आणि दाखवणारा डबा केबलनं लांब कोरड्यात असलेला. हौद ज्याच्याकडे आहे त्यानं पेटीसाठी दरवेळी गाडीभाडं घालू नये, पण प्रत्येक मोसमात एखाद्या पोराला तिथे नेऊन आपला आकडा ताडून बघावा. प्रवासात पाणी पिऊन घ्यायला सांगा, कारण वजन उतरवायला पाणी तोडलेल्या अंगावर हे समीकरण आणखी चुकतं.