साडीचं दुकान की कर सल्लागाराचं ऑफिस: पार्ट-टाइम नोकरीचा खरा हिशोब

सिडकोत राहणारी आणि गंगापूर रोडच्या कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला असलेली एक मुलगी. तिच्यासमोर दोन कामं आहेत. मेन रोडवरच्या साडीच्या दुकानात संध्याकाळी ५ ते ९, महिना ६,५०० रुपये. कॅनडा कॉर्नरजवळ कर सल्लागाराच्या ऑफिसात दुपारी २ ते ५ टॅलीत नोंदी करायच्या, महिना ४,५००. दोन्हीकडे २६ दिवस.

घरच्यांना दुकान बरं वाटलं, कारण दोन हजार जास्त. पण दुकानासाठी घरून वेगळं जावं लागतं. येण्याजाण्याचे रोजचे ४० रुपये धरले तर १,०४० जातात आणि हाती ५,४६० उरतात. प्रवासाचा दीड तास धरून रोजचे साडेपाच तास, म्हणजे महिन्याला १४३ तास. ऑफिस कॉलेजातून घरी येण्याच्या वाटेवरच आहे, म्हणून वेगळं भाडं नाही आणि तास फक्त ७८.

म्हणजे दुकानातून ९६० रुपये जास्त मिळतात, पण त्यासाठी ६५ तास जास्त द्यावे लागतात. तासाला १५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. इथे तिला प्रश्न सापडला: हे ६५ तास दुसरीकडे कुठे लागले असते?

शेजारची दोन मुलं रोज साडेसहाला तासभर शिकवणीला येतात, दोघांचे मिळून १,५०० रुपये. दुकान धरलं की ही शिकवणी बंद. ऑफिस धरलं तर ती चालू राहते, आणि ४,५०० अधिक १,५०० असे ६,००० होतात. दुकानाचा संधी खर्च हाच: ते निवडल्यामुळे हातचा सुटणारा सर्वांत चांगला पर्याय. ५,४६० मिळवायला ६,००० सोडायचे. शिवाय ऑफिस आणि शिकवणी मिळून १०४ तास होतात, त्यामुळे अभ्यासाला ३९ तास वाचतात.

या हिशोबात चुका ठरलेल्या असतात. सुटलेले सगळे पर्याय एकत्र मिळवायचे नाहीत. ऑफिस आणि शिकवणी एकत्र धरता आली, कारण त्यांच्या वेळा आड येत नाहीत. साडेसहालाच दुसरा क्लास असता, तर त्यातला एकच मोजायचा. दुसरी चूक टॅली कोर्सच्या फीची. ती आधीच भरली आहे, कुठलंही काम घेतलं तरी परत येणार नाही; म्हणून ‘फी वाया जाईल’ हे ऑफिस घेण्याचं कारण होऊ शकत नाही. टॅलीचा सराव पुढे उपयोगी पडेल, हे मात्र होऊ शकतं.

तिने ऑफिस घेतलं. पण हे उत्तर कायमचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावी जातात, महिनाभर शिकवणी बंद असते, आणि दुकानदार त्या महिन्याला २,००० जादा देतो. तेव्हा दुकानाचे निव्वळ ७,४६० आणि समोर फक्त ४,५००. ऑफिसने महिनाभर सुट्टी दिली, तर त्या एका महिन्यापुरतं दुकान परवडतं; मात्र सुट्टी मागितल्याने ऑफिसचं काम कायमचं जाणार असेल, तर पुढच्या महिन्यांचं उत्पन्नही संधी खर्चात धरावं लागतं.