गल्लीच्या ग्रुपवरचा हवामानाचा निरोप: नुसती चित्रं की सोबत शब्दही?

बेळगावात शहापूर, वडगावसारख्या भागात एका ग्रुपवर मराठी आणि कन्नड दोन्ही घरं असतात. रोज सकाळी हवामानाचा निरोप टाकायचा तर चित्रांचा मोठा आधार होतो, कारण देवनागरी न वाचणाऱ्या शेजाऱ्यालाही 🌧️ कळतं. तरीही नुसत्या चित्रांवर निरोप सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आषाढातल्या संकष्टीचा एक दिवस समजा. पहिला निरोप असा:

☁️🌧️🌧️🌙

दुसरा असा:

सकाळी ☁️ ढगाळ
दु. 4 ते 7 🌧️ मध्यम पाऊस
🌖 संकष्टी, चंद्रोदय रा. 9:45

पहिल्यात दोनदा 🌧️ आहे. त्याचा अर्थ जोराचा पाऊस की दोन वेळा पाऊस, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’ पाऊस धरतात, पण भुरभुर असो की जोरदार, चित्र तेच. म्हणून जोर शब्दात आणि वेळ आकड्यात हवी. आकडे 4, 7 असेच टाका, ते दोन्ही भाषांची माणसं वाचतात. निरोपाखाली कुणी ‘किती वाजता?’ विचारलं, की तो अपुरा होता हे समजावं.

⛈️ मात्र जपून ठेवा. एप्रिल-मे मधल्या वळवाला, विजांचा अंदाज असेल तेव्हाच ते लावा. जुलैच्या संततधारेला रोज ⛈️ टाकलं, तर खऱ्या विजेच्या दिवशी कुणी गच्चीवरून खाली येणार नाही. 🌤️, ⛅, 🌥️ छोट्या पडद्यावर सारखीच दिसतात, त्यातलं एकच ⛅ पुरे.

चंद्राचं थोडं वेगळं आहे. 🌙 मधून शुक्ल की वद्य हे कळत नाही, त्यामुळे ते टाळा. आठ कलांची चित्रं तीस तिथींना पुरवायची, तर मी अशी वाटणी पसंत करतो: 🌑 फक्त अमावास्येला, 🌕 फक्त पौर्णिमेला, 🌓 शुक्ल अष्टमीला, 🌗 वद्य अष्टमीला. मधल्या दिवसांत 🌒, 🌔, 🌖, 🌘 क्रमाने येतात. म्हणून संकष्टीला 🌖. ग्रुपवर उपवास सोडणारे असतील, तर चित्रापेक्षा चंद्रोदयाची वेळ महत्त्वाची. तीही बेळगावचीच घ्या, मुंबईच्या वेळेशी ती नेहमी जुळत नाही. आभाळ भरलेलं असलं तरी वेळ द्याच, कारण चंद्र दिसला नाही तर अनेक घरं तिच्यावरच उपवास सोडतात.

एक गोष्ट आधी सांगून ठेवा. 🌒 मध्ये उजेड उजव्या बाजूला दाखवतात, पण आपल्या अक्षांशावर सायंकाळची बारीक कोर बरेचदा होडीसारखी आडवी दिसते. त्यामुळे ‘चित्र चुकलं’ अशी शंका येईल, पण कला तीच असते.

डिसेंबर-जानेवारीत आठवडाभर आभाळ निरभ्र असेल, तेव्हा मात्र ☀️ आणि सकाळचं तापमान, एवढी एक ओळ पुरते.