पार्ट टाइम बीटेकच्या नावाखाली ७७,५०० रुपये गेले

लाज वाटते, पण लिहितो. मी जळगाव एमआयडीसीत नोकरीला, मेकॅनिकल डिप्लोमा. प्रमोशनला डिग्री लागते म्हणून भुसावळात एका कन्सल्टन्सीवाल्याकडे गेलो. आधी १५,००० भरले, मग २८,००० चे दोन हप्ते, शेवटी "परीक्षा सपोर्ट"चे ६,५००. पावती फक्त पहिल्या १५,००० ची, बाकी सगळं त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात.

आता म्हणाल शिकलेला माणूस असून चेक नाही केलं का? केलं ना भो! युजीसीच्या साइटवर त्या परराज्यातल्या युनिव्हर्सिटीचं नाव होतं, आणि ते खरंच होतं. तिथंच मी गाफील राहिलो. युनिव्हर्सिटी खरी असली म्हणून तिचा प्रत्येक कोर्स खरा नसतो, डिस्टन्सला कोर्सनिहाय आणि सेशननिहाय मान्यता असते, ती deb.ugc.ac.in वर बघायची, आणि इंजिनीअरिंगला तर डिस्टन्सची परवानगीच नाही.

म्हणून तर त्याने फॉर्मवर "पार्ट टाइम" लिहिलं. तो शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला, आणि सही केली! पार्ट टाइम म्हणजे संध्याकाळी कॉलेजात जाऊन बसायचं, आणि ते कॉलेज हजार किलोमीटरवर. विचारलं तर म्हणे, "भाऊ, कागदावर तसंच लिहावं लागतं." हे वाक्य ऐकून उठायला पाहिजे होतं. पण घरी दोन पोरं, शिफ्ट ड्युटी, सोबतच्या दोघांनी आधीच पैसे भरलेले, माणूस काय करेल?

डिग्री आली, एचआरला दिली. त्यांनी माझं मस्टर समोर ठेवलं. तीन वर्षं सेकंड शिफ्टला हजर, मग संध्याकाळचे लेक्चर कोणी केले? तोंड उघडता आलं नाही. युनिव्हर्सिटीला व्हेरिफिकेशनसाठी मेल गेला, तर उत्तर आलं की या नंबरचा विद्यार्थीच आमच्याकडे नाही.

पोलिसात गेलो तर साहेब म्हणे पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. अरे, खोटी मार्कशीट हातात आहे माझ्या, ती पण दिवाणी का? वर मलाच दम, की खोटी डिग्री कंपनीत तुम्हीच लावली, गुन्हा तुमच्यावर पण होईल. दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात तीन चकरा मारल्या, तीन दिवसांची रजा बिनपगारी, तिथे सांगितलं युनिव्हर्सिटी बाहेरच्या राज्यातली, आमच्याकडे येत नाही. युनिव्हर्सिटीवाले म्हणतात एजंट आमचा नाही. मग माझा होता का तो? ऑफिसला आता कुलूप आहे, बोर्ड मात्र तसाच.

डिस्टन्स किंवा ऑनलाइनला ॲडमिशन घेणार असाल तर आता आधी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाच्या क्रेडिटचं सरकारी खातं, काढून त्यावर युजीसीच्या डिस्टन्स विभागाचा डीईबी आयडी स्वतः बनवावा लागतो. एजंट म्हणाला "त्याची गरज नाही", तर चहा पण पिऊ नका त्याच्याकडे. आणि पार्ट टाइम म्हणत असेल तर वर्ग कुठे भरतो ते जाऊन बघा.

बाबांना अजून सांगितलं नाही. दुसरा हप्ता त्यांच्या कापसाच्या पैशातून गेला आहे. परवा विचारत होते, "तुना पगार कधी वाढी रे?"