स्वागताचा मेल: एकच लांब की दोन छोटे?

समजा, रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या कारखान्यात ठाण्याहून एक अकाउंटंट सोमवारी रुजू होणार आहे.

एकच मेल पाठवला की सगळं एका जागी राहतं आणि एचआरचं काम एका फटक्यात उरकतं. पण त्यात पत्ता, रजेचे नियम, टीमची ओळख, तीन महिन्यांची उद्दिष्टं असं सगळं कोंबलेलं असतं. ती रेल्वेने येणार. स्टेशनच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तिथे रेंज कुठली मिळायला? उतरल्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा, तर तो जोडलेल्या पीडीएफच्या चौथ्या पानावर!

दोन मेलमध्ये हे टळतं. पहिला गुरुवारी पाठवावा, म्हणजे विचारायला शुक्रवार हाताशी राहतो. मजकूर एवढाच: "सोमवारी साडेनऊला गेट क्रमांक दोनवर या. आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि यूएएन क्रमांक आणा. पावसाने गाडी लेट झाली तर काळजी नको, फक्त फोन करा." खाली एकाच माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर. पाच नंबर दिले की नवखा माणूस कुणालाच फोन करत नाही.

दुसरा सोमवारी दुपारी, तिचा ऑफिसचा मेल सुरू झाल्यावर. त्यात अपेक्षा, त्याही नेमक्या: "पहिल्या आठवड्यात फक्त खरेदीची बिलं समजून घ्या, नोंदी पुढच्या सोमवारपासून."

दुसरा मेल पाठवायचा राहून जातो, हा धोका खराच. म्हणून तो गुरुवारीच लिहून शेड्यूल करावा. माणूस त्याच गावातला असेल, तर मात्र एकच मेल पुरे.