तारण लिक्विडेटरकडे सोडावे की स्वतः विकावे? दिवाळखोरीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे

कंपनी बुडत असताना तारणधारक धनकोने काय करावे, हा प्रश्न परीक्षेत येतो आणि बँकेच्या वसुली विभागातही येतो. दोन्हीकडे उत्तर एकाच ठिकाणी अडते. दिवाळखोरी संहिता, २०१६ चे कलम ५२ तारणधारकाला दोन वाटा देते. एक, तारणावरचा हक्क लिक्विडेशन इस्टेटमध्ये सोडून कलम ५३ च्या रांगेत उभे राहणे. दुसरी, रांगेबाहेर राहून तारण स्वतः विकणे. कलमे वाचकाला माहीत आहेत असे धरून थेट आकड्यांकडे येतो.

समजा, कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज २० सप्टेंबर २०२२ रोजी दाखल करून घेतला गेला आणि १२ जुलै २०२३ रोजी लिक्विडेशनचा आदेश झाला. (पुढचे सगळे त्या तारखेच्या नियमांप्रमाणे.) बँक 'क' चे येणे ६० कोटी, तारण कारखान्याची जमीन व इमारत, अंदाजे किंमत ४० कोटी. वित्तसंस्था 'ख' चे येणे ३० कोटी, तारण यंत्रसामग्री, किंमत १० कोटी. तारणमुक्त माल व येणी मिळून १० कोटी. प्रक्रियेचा एकूण खर्च ५ कोटी, कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी १० कोटी. त्याखाली कर्मचाऱ्यांचे पगार, विनातारण कर्जे, सरकारी कर आणि माल पुरवणारे व्यापारी.

आधी स्थगिती, कारण निम्मे गुण तिथेच जातात. 'क' ने ऑगस्ट २०२२ मध्ये सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस दिली होती असे धरा. २० सप्टेंबरला कलम १४ लागले आणि पुढची जप्ती थांबली. सरफेसीचा उल्लेख त्या कलमात नाव घेऊन आहे. पण ही स्थगिती लिक्विडेशनच्या आदेशाबरोबर संपते. त्यानंतर लागते कलम ३३(५), आणि ते सुरूच होते 'कलम ५२ ला अधीन राहून' या शब्दांनी. म्हणजे कोर्टातले दावे बंद, पण तारणधारकाचा पर्याय खुला. '१२ जुलैनंतरही स्थगितीमुळे बँकेला तारण विकता येत नाही' असे लिहिणारा उमेदवार इथेच वाट चुकतो. संचालकांच्या वैयक्तिक हमीला तर कलम १४ ची स्थगिती लागूच नव्हती.

आता पहिली वाट. दोघांनीही तारण सोडले तर इस्टेट ६० कोटींची. खर्चाचे ५ वजा जाऊन ५५ उरतात. पुढच्या पायरीवर कामगार आणि तारण सोडलेले धनको एकाच रांगेत, प्रमाणात: १० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे १०० कोटींचे दावे. रुपयाला ५५ पैसे. कामगारांना ५.५, 'क' ला ३३ आणि 'ख' ला १६.५ कोटी. खालच्या पायऱ्यांवर काहीच पोहोचत नाही.

'ख' चे उत्तर यात मिळाले. त्याचे यंत्र १० कोटींचे, पण रांगेत त्याचा पूर्ण ३० कोटींचा दावा मोजला गेला. स्वतः विकले असते तर खर्च व कामगारांचा वाटा देऊन हातात जेमतेम सव्वाआठ कोटी आले असते. उरलेली बाकी कलम ५३(१)(ई) मध्ये, सरकारी करांच्या बरोबरीने, जिथे या प्रश्नात पैसा पोहोचतच नाही. तारण कमी आणि येणे मोठे असेल तर सोडणे फायद्याचे. अट एवढीच की बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदलेला असावा. नोंद नसेल तर लिक्विडेटर तो बोजा विचारात घेत नाही आणि 'ख' विनातारण धनकोंच्या पायरीवर घसरतो.

'क' चे प्रकरण अवघड आहे, कारण कागदावर दोन्ही वाटा सारख्याच पडतात. स्वतः ४० कोटींना विकले, त्यातून खर्चाचे ५ आणि कामगारांचे ५.५ मिळून १०.५ कोटींपैकी आपला वाटा, ६० पैकी ४० कोटींच्या तारणाप्रमाणे दोन तृतीयांश, म्हणजे ७ कोटी दिला, की उरतात तेच ३३. मग निवड कशावर करायची?

माझ्या मते ती लिक्विडेशन प्रक्रियेच्या विनियम २१अ वर होते, आणि ज्या अडचणीने माझा कल ठरवला तीही तिथेच आहे. 'क' ने ३० दिवसांत, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत, निर्णय कळवायचा. गप्प राहिल्यास तारण इस्टेटमध्ये गेले असे धरतात. स्वतः विकायचे ठरवले तर ते ७ कोटी लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ९० दिवसांत, १० ऑक्टोबरपर्यंत, लिक्विडेटरकडे भरायचे. विक्री झाली असो वा नसो. रक्कम अजून निश्चित नसेल तर लिक्विडेटर अंदाजाने सांगेल तेवढी भरायची आणि फरक नंतर मिटवायचा. ही मुदत चुकली तर तारण इस्टेटमध्ये जाते. आणि विक्री तरी लगेच होते का? सरफेसीच्या वाटेने विकले नाही तर 'क' ला आधी आपली अपेक्षित किंमत लिक्विडेटरला कळवावी लागते, जास्त किंमत देणारा कोणी आहे का हे सांगायला त्याला २१ दिवस असतात. शिवाय कलम २९अ खाली अपात्र व्यक्तीला, बहुतेक वेळा जुन्या प्रवर्तकालाच, विकता येत नाही. कारखान्याची जमीन ९० दिवसांत विकून पैसे हातात येणे क्वचित घडते. त्यामुळे ७ कोटी बँक स्वतःच्या खिशातून आगाऊ घालते, तेही अंदाजी आकड्यावर. मला हे फार खटकते.

किमतीचा धोकाही कोणावर पडतो ते बघा. जमीन ४० ऐवजी ३६ ला गेली तर सोडलेल्या वाटेवर 'क' ला ३०.६ मिळतात, स्वतः विकल्यास सुमारे २९.५. उलट ४४ ला गेली तर ३५.४ विरुद्ध सुमारे ३६.५. म्हणजे गिऱ्हाईक खिशात असेल तर दुसरी वाट वाजवी आहे, नाहीतर पडलेल्या किमतीचा मोठा वाटा बँकच सोसते.

सोडण्याच्या वाटेलाही एक खरा धोका आहे. सप्टेंबर २०२२ च्या रेनबो पेपर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या कर कायद्यातील पहिल्या बोज्यामुळे राज्याला तारणधारक धनको मानले. सरकारचे ८ कोटी असे वर चढले तर ५५ कोटी १०८ कोटींच्या दाव्यांत वाटले जातात आणि 'क' चे ३३ चे सुमारे ३०.६ होतात, स्वतः विकणाऱ्याला मात्र २१अ खाली फक्त खर्च आणि कामगारांचाच वाटा द्यायचा असतो. जुलै २०२३ च्या रमण इस्पात निकालाने रेनबोला त्याच्या वस्तुस्थितीपुरते मर्यादित केले, म्हणून मी या धोक्याला फार वजन देत नाही. उत्तरात मात्र दोन्ही निकाल लिहावेत आणि राज्याच्या कायद्यात बोज्याचे शब्द नेमके काय आहेत ते तपासावे.

'ख' ने सोडावे, यात मला शंका नाही. 'क' नेही, १० ऑक्टोबरच्या आत पैसे मोजणारा खरेदीदार लेखी समोर नसेल तर, दावा अर्जातच तारण सोडत असल्याचे लिहावे.