IFS मध्ये दोन्ही टोकं लिहावीत की फक्त खालची मर्यादा?

निकालाच्या फायलीत श्रेणीचा रकाना भरायला एक्सेलचं IFS वापरायचं, इथवर बहुतेक शिक्षकांचं एकमत असतं. गाडी अडते ती पुढे. काहीजण प्रत्येक श्रेणीची दोन्ही टोकं AND मध्ये लिहितात, म्हणजे 60 ते 74, 75 ते 100 असं. काहीजण फक्त खालची मर्यादा लिहून वरून खाली उतरतात. मी दोन्ही पद्धतींनी निकाल लावले आहेत. नववी-दहावीचे वर्ग, सहा विषय, 600 पैकी बेरीज. आमच्याकडे घटक चाचण्यांना पास क्लास वेगळा धरत नाहीत, 45 च्या खाली सरळ अनुत्तीर्ण. त्यामुळे चारच श्रेण्या.

पहिली पद्धत अशी. H रकान्यात 600 पैकी बेरीज आणि I रकान्यात टक्केवारी आहे:

```
=IFS(AND(I2>=75,I2<=100),"विशेष योग्यता",
AND(I2>=60,I2<=74),"प्रथम श्रेणी",
AND(I2>=45,I2<=59),"द्वितीय श्रेणी",
AND(I2>=0,I2<=44),"अनुत्तीर्ण")
```

ही वाचायला छान वाटते, हे मान्यच करायला हवं. परिपत्रकात श्रेण्या जशा छापतात तशीच्या तशी ती दिसते. मुख्याध्यापकांना स्क्रीनवर दाखवली तर त्यांनाही पहिल्या नजरेत पटते. मीही दोन वर्षं हीच वापरली.

मग एका सहामाहीला एका मुलीला 600 पैकी 449 पडले. म्हणजे 74.83 टक्के. टक्केवारीच्या रकान्यात दशांश लपवलेले असल्यामुळे सेलमध्ये 75 दिसत होतं आणि शेजारी #N/A. मी I2 वर चार वेळा क्लिक केलं, सूत्र पुन्हा ओढलं, फाइल बंद करून उघडली. चूक सूत्राच्या टायपिंगमध्ये नव्हतीच. 74 आणि 75 च्या मध्ये मी स्वतःच एक फट ठेवली होती आणि 74.83 तिच्यात पडले होते. एक्सेल दिसणारा आकडा बघत नाही, सेलमधला खरा आकडा बघतं. एकही अट खरी ठरली नाही की IFS #N/A देतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही पद्धत सोडली नसती. पण निकालपत्रावर #N/A बरं दिसत नाही म्हणून शेवटची अट काढून मी तिथे TRUE,"अनुत्तीर्ण" घातलं. सगळे #N/A गायब झाले, मीही समाधानानं छपाई दिली. त्या मुलीच्या निकालपत्रावर 75 टक्के आणि समोर ‘अनुत्तीर्ण’. तिचे वडील आले तेव्हा रागावलेही नाहीत, नुसता कागद पुढे ठेवला. तेवढं मला पुरे झालं.

आता कोणी म्हणेल, 74 च्या जागी <75 लिहा की. बरोबर आहे, फट बुजते. पण मग 75, 60 आणि 45 हे तिन्ही आकडे सूत्रात दोन-दोनदा येतात. पुढच्या वर्षी विशेष योग्यता 80 वर नेली आणि एकाच ठिकाणी बदल केला, तर 75 ते 80 मधली मुलं पुन्हा फटीत. म्हणजे वर्गातली हुशार मुलंच.

दुसरी पद्धत:

```
=IFS(I2>=75,"विशेष योग्यता",I2>=60,"प्रथम श्रेणी",
I2>=45,"द्वितीय श्रेणी",TRUE,"अनुत्तीर्ण")
```

इथे प्रत्येक आकडा एकदाच आहे. IFS पहिली खरी अट सापडली की तिचंच उत्तर देतं, म्हणून 60 च्या अटीपर्यंत जो पोचला तो 75 च्या खालचाच असणार, वरचं टोक वेगळं सांगावं लागत नाही. 74.83 ला ‘प्रथम श्रेणी’ मिळते. दोन मर्यादांच्या मध्ये फट पडायला जागाच उरत नाही. फक्त क्रम उलटा करू नका. 45 ची अट आधी लिहिली तर 92 टक्केवालाही द्वितीय श्रेणीत बसतो. हे चटकन लक्षात येतं, कारण अख्ख्या वर्गात प्रथम श्रेणी कोणालाच दिसत नाही.

पण या पद्धतीलाही एक खोड आहे, आणि ती लपवून तुम्हाला इकडे ओढणं बरं नाही. पूर्ण परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलापुढे मी टक्केवारीच्या जागी ‘गै.ह.’ लिहितो. एक्सेलच्या लेखी मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे ‘गै.ह.’ >= 75 ही अट खरी ठरते आणि गैरहजर मुलगा विशेष योग्यतेत उत्तीर्ण होतो! दोन्ही टोकांच्या पद्धतीत असं होत नाही, कारण ‘गै.ह.’ <= 100 खोटं ठरतं. तसंच 70.5 ऐवजी चुकून 705 टाइप झालं तर ती पद्धत #N/A देऊन ओरडते, ही मात्र निमूट विशेष योग्यता देते. हा गुण पहिल्या पद्धतीच्या पदरात टाकायलाच हवा.

म्हणून आता मी सुरुवातीलाच दोन अटी जास्त घालतो:

```
=IFS(NOT(ISNUMBER(I2)),"तपासा",I2>100,"तपासा",
I2>=75,"विशेष योग्यता",I2>=60,"प्रथम श्रेणी",
I2>=45,"द्वितीय श्रेणी",TRUE,"अनुत्तीर्ण")
```

‘गै.ह.’, रिकामा सेल, 705, सगळे ‘तपासा’मध्ये येतात. रिकाम्या सेलचं महत्त्व मला उशिरा कळलं. अट नसेल तर एक्सेल त्याला शून्य धरतं आणि ज्याचे टक्के भरायचेच राहिलेत तो मुलगा नापास होतो.

74.83 ला 75 धरायचं की नाही, हा प्रश्न मात्र कुठलंच सूत्र सोडवत नाही. तो शाळेनं ठरवायचा. धरायचं असेल तर टक्केवारीच्या रकान्यातच =ROUND(H2/600*100,0) लिहा. धरायचं नसेल तर 0 च्या जागी 2 लिहा आणि छापतानाही दोन दशांश दिसू द्या, म्हणजे 75 दिसतंय आणि श्रेणी प्रथम, असा वाद दारात येणार नाही.

जुन्या संगणकांचंही बघून घ्या. एकदाच विकत घेतलेल्या एक्सेल 2016 मध्ये IFS नाही. तिथे फाइल उघडली की सूत्रात _xlfn.IFS दिसतं आणि सेलला हात लावला की #NAME? येतं. अशा वेळी खालची मर्यादावाली पद्धत साध्या IF मध्ये IF करून पाच मिनिटांत उतरवता येते. AND वाली उतरवताना कंसांची मोजदाद करत बसावं लागतं, निदान मला तरी.

आमच्याकडचे एक सर अजूनही दोन्ही टोकं लिहितात आणि त्यांच्या निकालात आजवर चूक सापडलेली नाही. ते टक्के आधीच ROUND करून पूर्णांकात आणतात, शेवटी TRUE कधीच लिहीत नाहीत आणि #N/A दिसला की तो झाकण्याऐवजी शोधतात. तुमचा हात तसा काटेकोर असेल तर त्यांची पद्धत खुशाल घ्या. माझा नाही.